उशिराचा निरोप गेला, तरी पाहुणे अडकले: ट्रॅव्हल डेस्कवरचा नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की दिल्लीकडून नागपूरला येणाऱ्या गाड्या तीन-तीन, चार-चार तास मागे पडतात. आमच्या डेस्कवरून पेंचला आणि ताडोब्याला जाणाऱ्या पाहुण्यांचं त्या दिवसाचं सगळं गणित मग नव्याने मांडावं लागतं. गाडीची वेळ बदलते, ड्रायव्हर बदलतो, जेवण बदलतं आणि पाहुण्यांना तसा निरोप जातो. तरीही गोंधळ होतो, आणि तो दर हिवाळ्यात त्याच ठिकाणी होतो. हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता लक्षणावरून मूळ कुठे असेल याचा अंदाज येतो.

लक्षणं

निरोप पोचल्यावर दहा मिनिटांत पाहुण्यांचा फोन येतो आणि ते विचारतात, "म्हणजे आम्हाला घ्यायला कोण येणार?" हे सगळ्यात सौम्य लक्षण. त्याहून वाईट म्हणजे ड्रायव्हर जुन्या वेळेला स्टेशनवर जाऊन, वाट पाहून परत फिरलेला असतो. किंवा तो पश्चिमेच्या मुख्य दारात उभा असतो आणि पाहुणे सामान घेऊन संत्रा मार्केटच्या बाजूला उतरलेले असतात. कधी रिसॉर्टमध्ये रात्री दहापर्यंत सहा ताटं झाकून ठेवलेली असतात आणि पाहुणे मध्यरात्रीनंतर उपाशी पोचतात. कधी निरोपातली वार-तारीख एका दिवसाने चुकलेली असते. आणि कधी तुमच्या यादीत "पाठवला" असं दिसतं, पण पाहुण्यांच्या फोनवर काहीच नसतं.

यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावू नका. खाली दिलेल्या क्रमाने जा. पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आधी निरोप स्वतःच्या फोनवर वाचा

पाहुण्यांना गेलेला निरोप जसाच्या तसा स्वतःच्या मोबाइलवर पाठवा आणि उघडा. संगणकाच्या पडद्यावर वाचू नका, कारण पाहुणे तो हलत्या डब्यात, एका हातात फोन धरून वाचत असतात. आमच्याकडे बराच काळ चाललेला मसुदा असा होता:

"प्रिय पाहुणे, आपली रेल्वेगाडी विलंबाने धावत असल्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सुधारित पिकअप 00:15. वाहन व भोजनाची पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे."

यात चूक एकही नाही आणि उपयोगाचंही काही नाही. गाडी उशिरा आहे हे पाहुण्यांना आपल्याआधी कळलेलं असतं, ते त्या गाडीतच बसलेत. त्यांना हवं असतं ते एवढंच: कोण घेणार, कुठल्या दारात, किती वाजता, आणि खायचं काय नि कधी. या चारांपैकी एक जरी गोष्ट निरोपात नसली तर फोन येणारच. "पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे" हे वाक्य दिसलं की मी ते खोडतो, कारण बहुतेक वेळा ती व्यवस्था अजून पक्की झालेली नसते.

नंबर कोणाचा आहे ते बघा

बुकिंग मुंबईच्या एजंटने केलेलं असतं किंवा दिल्लीतल्या मुलाने आईवडिलांसाठी केलेलं असतं. नोंदीत नंबर त्याचाच असतो. निरोप त्याला पोचतो, तो मीटिंगमध्ये असतो आणि गाडीतल्या काका-काकूंना काहीच कळत नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी "गाडीत कोणाचा फोन सुरू असेल?" एवढं विचारून तो नंबर वेगळ्या रकान्यात लिहा. निरोप दोघांनाही पाठवा. परदेशी नंबर असेल तर एसएमएसच्या भरवशावर राहू नका, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्ही वापरा.

वेळ कुठून घेतली आणि कधी घेतली

रेल्वेची वेळ 139 या चौकशी नंबरवरून किंवा एनटीईएस या रेल्वेच्या गाडी-स्थिती सेवेवरून घ्या आणि "अपेक्षित" वेळ बघा, वेळापत्रकातली नव्हे. धुक्याच्या दिवशी गाडी वाटेत आणखी मागे पडते, तर कधी थोडा वेळ भरूनही काढते. दुपारी बाराला बघितलेली वेळ संध्याकाळी सहाला शिळी झालेली असते. म्हणून निरोपात "ही वेळ दुपारी 12:10 ला पाहिली आहे" असं स्पष्ट लिहावं. त्याने पाहुणे जुन्या आणि नव्या निरोपात गोंधळत नाहीत, आणि आपल्यालाही कळतं की आपला आकडा किती जुना आहे.

दर दहा मिनिटांच्या फरकाला नवा निरोप मात्र पाठवू नका. आमचा नियम असा आहे की अपेक्षित वेळ अर्ध्या तासाहून जास्त सरकली, किंवा त्या सरकण्याने जेवणाचा वा ड्रायव्हरचा निर्णय बदलत असला, तरच नवा निरोप जातो. सारखे निरोप आले की पाहुणे शेवटचा, खरा महत्त्वाचा निरोप उघडतच नाहीत.

ड्रायव्हरशी स्वतः बोला

बहुतेक डेस्क गाड्या पुरवणाऱ्या व्हेंडरला सांगतात आणि व्हेंडर म्हणतो, "हो भाऊ, सांगून देतो." इथे साखळी तुटते. ज्याच्या हातात स्टिअरिंग असणार त्याला फोन करा आणि वेळ, दार, पाहुण्यांची संख्या त्याच्या तोंडून परत वदवून घ्या. नागपूर स्टेशनला दार सांगताना कधीही नुसतं "स्टेशनच्या बाहेर" म्हणू नका. पश्चिमेचं मुख्य दार फलाट 1 कडे आहे आणि संत्रा मार्केटचं दार पूर्वेला फलाट 8 कडे. वयस्क माणसं आणि चार बॅगा असतील तर एका दारातून दुसऱ्या दारात जाणं म्हणजे पुलाचे जिने आणि वीस मिनिटं. गाडी कुठल्या फलाटावर येणार हे ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून दार आपणच ठरवून द्यावं आणि ड्रायव्हरने गाडी लागण्याआधी फलाट बघून पाहुण्यांना फोन करावा.

उशिरामुळे ड्रायव्हर बदलला असेल तर तीन गोष्टी पुन्हा तपासायच्या. पहिली, निरोपात अजून जुन्याच ड्रायव्हरचं नाव आणि नंबर तर नाही ना. हा दोष सगळ्यात जास्त आढळतो. दुसरी, परमिट. पेंचच्या तुरिया गेटकडे जायचं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 44 वरून खवाशाला मध्य प्रदेशात शिरायचं. ऐनवेळी मिळालेल्या गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट नसेल तर ती अडू शकते, आणि रात्री साडेबाराला सीमेवर दुसरी गाडी मिळत नाही. सिल्लारी किंवा खुर्सापार गेट असेल तर ही अडचण नाही, ती महाराष्ट्रातच आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे त्या दिवशी ड्रायव्हर किती तास चालवून आलाय. सकाळी सहाला ताडोब्याची फेरी मारून आलेल्या माणसाला रात्री बाराला पुन्हा हायवेवर पाठवायचं नाही. दुसरा ड्रायव्हर मिळत नसेल तर इथेच थांबा, पाहुण्यांना रात्री नागपुरात ठेवा आणि मॅनेजरला कळवा. हा निर्णय डेस्कने रेटून न्यायचा नसतो.

जेवण: इथे थोडं थांबून विचार करा

गाडीचा गोंधळ निदान डोळ्यांना दिसतो. जेवणाचा गोंधळ कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पाहुणे तोच जास्त काळ लक्षात ठेवतात. बहुतेक डेस्क उशीर झाला की जेवणाची वेळ तेवढीच पुढे ढकलतात. ते दिसायला सोपं आहे, पण चुकीचं आहे. जेवण कधी पुढे ढकलायचं असतं, कधी अलीकडे आणायचं असतं, तर कधी जागाच बदलायची असते.

एक प्रकार नीट मांडून दाखवतो. जानेवारीतला शुक्रवार, दिल्लीकडून येणारं सहा जणांचं कुटुंब: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन लहान मुलं. गाडी नागपूरला रात्री 20:20 ला यायची, तिथून तुरिया गेटजवळचा रिसॉर्ट, शनिवारी पहाटे सफारी. दुपारी बाराला अपेक्षित वेळ 23:10 दिसत होती. सामानासह बाहेर यायला अर्धा तास धरला तर पिकअप 23:40, आणि पुढे दोन तासांहून थोडा जास्त रस्ता. म्हणजे रिसॉर्टवर पोचायला पावणेदोन-दोन वाजणार. रिसॉर्टचं किचन साडेदहाला बंद होत होतं आणि सफारीसाठी पहाटे साडेपाचला खोलीतून निघायचं होतं.

जेवणाच्या यादीत आजींच्या नावापुढे "जैन, चौविहार" असं लिहिलेलं होतं. आजी सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत. त्यांच्यासाठी रात्री अकराचं पाकीट, ते कांदा-लसूण नसलेलं असलं तरी, निरुपयोगी होतं. जानेवारीत त्या भागात पावणेसहा-सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. गाडी भोपाळला साधारण पाच वाजून दहा मिनिटांनी अपेक्षित होती. म्हणून रेल्वेच्या ई-कॅटरिंगवरून आजींचं जैन ताट भोपाळला सीटवर मागवलं. ऑर्डरला पीएनआर, डबा आणि सीट नंबर लागतो, तो आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला होता. पण गाडी आणखी अर्धा-पाऊण तास मागे पडली असती तर हे ताट सूर्यास्तानंतर आलं असतं. म्हणून सुनेला निरोपावर न सोडता फोन करून सांगितलं, "ताई, घरचे ठेपले आहेत ना? गाडी विदिशाच्या अलीकडेच खोळंबली तर आजींना तेच खाऊ द्या, ताटाची वाट बघू नका."

बाकी पाच जणांचं रात्रीचं जेवण इटारसीला मागवलं, तिथे गाडी सातच्या आसपास पोचणार होती. मुलांना अकरापर्यंत उपाशी ठेवण्यात अर्थ नव्हता. नागपूरला घ्यायला येणाऱ्या मोटारीत फक्त गरम दुधाचा थर्मास, केळी, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. रिसॉर्टला फोन आणि लेखी निरोप दोन्ही: रात्रीचं जेवण नको, खोल्या उघड्या आणि गरम पाणी तयार ठेवा, पहाटे सव्वापाचला चहा, नाश्ता सफारीहून परतल्यावर. पॅकेजमध्ये रात्रीचं जेवण धरलेलं होतं, त्यामुळे त्याच्या बदल्यात काय द्यायचं हेही रिसॉर्टशी तेव्हाच ठरवून घेतलं. ते मागे ठेवलं की निघताना बिलावरून वाद होतो.

पाकीट द्यायचंच असेल तर ते किती वेळ बाहेर राहणार हे मोजा. गरम जेवण 60 अंशांच्या वर राहिलं तर ठीक, पण ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर ठेवलेला पनीरचा डबा दोन तासांत त्याच्या खूप खाली येतो. अशा वेळी पुरी, सुकी भाजी, ठेपले, फळं द्या. दही, ग्रेव्ही, पनीर नको. आणि पाहुण्यांनी आवडीने मागितल्याशिवाय झणझणीत सावजी जेवण देऊ नका. रात्री बाराला, उपाशी पोटी, पुढे हायवेचा प्रवास असताना ते अनेकांना सोसत नाही.

विमानाचं गणित थोडं वेगळं आहे. अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर डीजीसीए या विमान वाहतुकीच्या नियामकाच्या नियमानुसार विमान कंपनीने विमानतळावर खाणंपिणं द्यायचं असतं. म्हणून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारे पाहुणे जेवलेत की नाही हे विचारूनच पाकीट बनवा.

पाहुण्यांपैकी कोणी इन्सुलिन घेत असेल तर जेवणाची नवी वेळ त्यांना लवकरात लवकर फोनवर सांगा, पण "मग इंजेक्शन उशिरा घ्या" असं कधीही सुचवू नका. तो प्रश्न त्यांच्या डॉक्टरांचा आहे.

शीटमधली मध्यरात्र

वरचं सगळं बरोबर असूनही निरोपात वेळ किंवा तारीख चुकत असेल तर आता वेळांचा हिशेब ठेवलेली स्प्रेडशीट उघडा. वरच्याच प्रकारात संध्याकाळी अपेक्षित वेळ 23:45 झाली, म्हणजे उशीर 205 मिनिटांचा आणि पिकअप 00:15. शीटमध्ये तारीख एका रकान्यात आणि नवी वेळ दुसऱ्या रकान्यात वेगळी ठेवली असेल तर निरोप निघतो "शुक्रवार 00:15". ती वेळ तर केव्हाच होऊन गेलेली असते. ड्रायव्हर "आज रात्री" समजून बरोबर येतो, पण रिसॉर्टवाले तारीख वाचतात आणि घोळ होतो. उपाय म्हणजे तारीख आणि वेळ जोडून एकच आकडा बनवायचा. A2 मध्ये तारीख, B2 मध्ये मूळ वेळ, C2 मध्ये उशिराची मिनिटं असतील तर पिकअपच्या रकान्यात:

```
=A2+B2+(C2+30)/1440
```

आणि त्या रकान्याचं फॉरमॅट `ddd dd-mm hh:mm` ठेवा. आता 00:15 आपोआप शनिवारच्या तारखेत जातं. निरोपात मात्र "शुक्रवारची रात्र संपून शनिवार सुरू होताना, 12:15" असं माणसाच्या भाषेत लिहा.

दुसरा दोष जास्त चोरटा आहे. घाईत कोणी 20:20 ऐवजी 20.20 टाइप करतं. शीट त्याला वेळ न समजता वीस पूर्णांक दोन दिवस समजतं. पडद्यावर फक्त तास-मिनिटं दिसत असतील तर ही गोष्ट नजरेत येत नाही. 205 मिनिटं मिळवल्यावर गाडीची वेळ 23:45 ऐवजी सकाळची 08:13 दिसते. मूळ वेळेच्या रकान्याशेजारी ही तपासणी लावून ठेवा, FALSE आलं की निरोप थांबवायचा:

```
=AND(ISNUMBER(B2),B2<1)
```

एसएमएस आणि व्हॉट्सॲपचा साचा

हे शेवटी, कारण इथे वेळ लागतो आणि बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात. भारतात व्यावसायिक एसएमएस डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेल्या साच्यातूनच जातो आणि साच्यात बदलत्या मजकुरासाठी सोडलेल्या प्रत्येक जागेत मोजकीच अक्षरं बसतात. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. "संत्रा मार्केट बाजूचे पूर्व प्रवेशद्वार" हे 39 होतं आणि निरोप अडू शकतो. "संत्रा मार्केट गेट" 18 मध्ये बसतं. शिवाय देवनागरी एसएमएसचा एक भाग 70 अक्षरांचाच असतो, त्याहून मोठा निरोप 67-67 च्या तुकड्यांत जातो. कमकुवत रेंजमध्ये एखादा तुकडा मागे राहतो, आणि ड्रायव्हरचा नंबर शेवटी असेल तर तोच राहतो. म्हणून वेळ, दार आणि ड्रायव्हरचा नंबर पहिल्याच ओळीत घ्या आणि दिलगिरी शेवटी.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या एपीआयवरून, म्हणजे थेट सॉफ्टवेअरमधून, पाठवत असाल तर पाहुण्यांच्या शेवटच्या मेसेजला 24 तास उलटल्यावर फक्त मंजूर साचाच जातो, हाताने लिहिलेला मजकूर जात नाही. एकच टिक असेल तर निरोप पोचलेला नाही असंच धरा आणि फोन लावा.

कुठे थांबायचं

विमान रद्द झालं किंवा जोडविमान चुकलं तर तिकीट बदलून देण्याचं आश्वासन डेस्कवरून देऊ नका. ते काम विमान कंपनीचं किंवा तिकीट काढणाऱ्या एजंटचं आहे; आपण फक्त नवी वेळ पक्की झाल्यावर गाडी आणि जेवण हलवायचं. पोचायला पहाटेचे तीन वाजणार असतील तर सफारीला जायचं की नागपुरात झोपायचं हे पाहुण्यांना फोनवर विचारा आणि मॅनेजरला सोबत घ्या. सफारीची परवानगी नाव आणि ओळखपत्राशी बांधलेली असते, त्यामुळे बदल होईल की नाही हे रिसॉर्टला वन विभागाकडे विचारू द्या, आपल्या अंदाजाने "होऊन जाईल" म्हणू नका.

आणि नंबर बरोबर, शीट बरोबर, साचा बरोबर, तरीही निरोप पोचत नसेल तर एसएमएस सेवा देणाऱ्याला फोन करा. हाताशी ठेवा: मेसेज आयडी, साच्याचा आयडी, पाठवल्याची वेळ, पाहुण्यांचा नंबर आणि "पाठवला" दाखवणाऱ्या पडद्याचा स्क्रीनशॉट. त्यांचं उत्तर येईपर्यंत डीएलटीवरच्या साच्यात हात घालू नका, कारण बदललेला साचा पुन्हा मंजूर व्हावा लागतो आणि तोवर बाकीच्या पाहुण्यांचेही निरोप अडू शकतात. त्या वेळात यादी समोर घ्या आणि एकेकाला फोन लावा, सगळ्यात आधी त्यांना ज्यांचं जेवण बदललंय.